आदान-प्रदान प्रतिमान : उत्पादकतेची अट

आदान-प्रदान प्रतिमानात अर्थव्यवस्थेचे अनेक क्षेत्रांत विभाजन केलेले असते आणि प्रत्येक क्षेत्राला आपला माल तयार करताना स्वतःचा व इतर क्षेत्रांचा किती माल लागतो, याचा हिशेब मांडलेला असतो. असा परस्परवापर भागवून समाजाच्या अंतिम मागणीसाठी माल शिल्लक राहत असेल, तर ती अर्थव्यवस्था ‘उत्पादक’ ठरते. गणिताच्या भाषेत, उपभोग आव्यूहाचे प्रमुख आयगेनमूल्य १ पेक्षा कमी असणे ही उत्पादकतेची आवश्यक आणि पुरेशी अट आहे.

या प्रतिमानाचे जनक वासिली लिऑन्टिएफ. हार्व्हर्ड विद्यापीठात काम करत असताना त्यांनी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे आदान-प्रदान कोष्टक १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीबद्दल त्यांना १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मांडणी : क्षेत्रांच्या एकूण उत्पादनाचा सदिश x, अंतिम मागणीचा सदिश d आणि उपभोग आव्यूह A मानला, तर x = Ax + d हे मूळ समीकरण होय. A मधील प्रत्येक स्तंभ एका क्षेत्राचा असतो. त्या क्षेत्राचे एक रुपयाचे उत्पादन करण्यासाठी कोणाकडून किती रुपयांचा माल घ्यावा लागतो, ते त्यात असते. सोयीसाठी शेती आणि उद्योग ही दोनच क्षेत्रे घेऊन एक काल्पनिक उदाहरण पाहू :

```
A = | 0.2  0.3 |
    | 0.4  0.1 |
```

पहिल्या स्तंभानुसार एक रुपयाच्या शेतमालामागे २० पैशांचे बी-बियाणे व चारा शेतीतूनच येतो आणि ४० पैशांची खते, डिझेल, अवजारे उद्योगाकडून येतात. उरलेले ४० पैसे म्हणजे मजुरी, खंड, नफा इत्यादींचे मूल्यवर्धन. उद्योगाला एक रुपयाच्या मालामागे ३० पैशांचा शेतमाल आणि १० पैशांचा स्वतःचाच माल लागतो.

समाजाला ६० कोटी रुपयांचा शेतमाल आणि ३० कोटींचा औद्योगिक माल हवा आहे, असे समजू. समीकरण सोडवल्यास शेतीचे उत्पादन १०५ कोटी आणि उद्योगाचे ८० कोटी येते. ताळा असा : शेतमालापैकी २१ कोटींचा शेतीत आणि २४ कोटींचा उद्योगात खपतो, ६० कोटींचा उरतो. औद्योगिक मालापैकी ४२ कोटींचा शेतीत आणि ८ कोटींचा उद्योगात जातो, ३० कोटींचा उरतो.

आयगेनमूल्याचा अर्थ : हेच उत्तर टप्प्याटप्प्यानेही काढता येते. ९० कोटींच्या अंतिम मागणीसाठी दोन्ही क्षेत्रांना मिळून प्रथम ४८ कोटींचा माल लागतो. तो ४८ कोटींचा माल तयार करण्यासाठी आणखी २३.४ कोटींचा, त्याच्यासाठी ११.८२ कोटींचा, अशी साखळी पुढे चालते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या सुमारे निम्मी भरते, कारण या आव्यूहाचे प्रमुख आयगेनमूल्य ०.५ आहे. सर्व फेऱ्यांची बेरीज १८५ कोटींवर, म्हणजे १०५ आणि ८० च्या बेरजेवर स्थिरावते. या फेऱ्या हिशेबाच्या आहेत, त्यांना हंगाम किंवा वर्षे समजू नये.

प्रमुख आयगेनमूल्य १ पेक्षा कमी असले, तर I + A + A² + … ही श्रेणी अभिसारी होते. तिची बेरीज म्हणजेच (I − A) चा व्यस्त. त्यात एकही ऋण संख्या नसते, म्हणून कोणतीही अंतिम मागणी ठेवली तरी तिच्यासाठी लागणारे उत्पादन ऋण येत नाही. ऋण संख्या नसलेल्या आव्यूहाचे सर्वांत मोठे आयगेनमूल्य वास्तव आणि धन किंवा शून्य असते, हे पेरॉन (१९०७) व फ्रोबेनिअस (१९१२) यांच्या सिद्धान्तांतून येते. त्यामुळे ही एकच संख्या पाहणे पुरते. ती १ च्या जितकी जवळ, तितकी साखळी लांबते. ०.५ असताना सुमारे सात फेऱ्यांत मागणीचा एक टक्काही उरत नाही, ०.९ असताना त्यासाठी सुमारे ४४ फेऱ्या लागतात.

अट मोडल्यास : वरील उदाहरणात उद्योगाला लागणारा शेतमाल ०.९ आणि शेतीला लागणारा औद्योगिक माल ०.८ केला, तर आयगेनमूल्य नेमके १ होते. सर्व उत्पादन पुन्हा उत्पादनातच खपते आणि समाजाच्या हाती काहीच उरत नाही. ०.८ चेही ०.९ केले की आयगेनमूल्य सुमारे १.०५ होते. आता प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी होत जाते आणि कितीही उत्पादन केले तरी मागणी भागत नाही. तरीही (I − A) चा व्यस्त निघतो आणि संगणक बिनतक्रार उत्तर देतो : शेती उणे ९०० कोटी, उद्योग सुमारे उणे ८६७ कोटी. समीकरण सुटले म्हणून अर्थव्यवस्था उत्पादक आहे, असे मानता येत नाही. उत्तरातील ऋण चिन्ह हीच चूक ओळखण्याची खूण.

डेव्हिड हॉकिन्स आणि हर्बर्ट सायमन यांनी १९४९ मध्ये हीच अट निश्चयकांच्या रूपात दिली : (I − A) चे सर्व प्रमुख उपनिश्चयक धन असले पाहिजेत. दोन क्षेत्रांच्या उदाहरणात स्वतःचा वापर वजा जाता शेतीकडे ०.८ आणि उद्योगाकडे ०.९ उरतो. त्यांचा गुणाकार ०.७२. परस्परवापराच्या दोन गुणकांचा गुणाकार याहून कमी हवा. मूळ उदाहरणात तो ०.१२ आहे.

एककांचा प्रश्न : रुपयांतील कोष्टकात प्रत्येक स्तंभाची बेरीज १ पेक्षा कमी असेल, म्हणजे प्रत्येक क्षेत्रात मूल्यवर्धन धन असेल, तर अट आपोआप पाळली जाते. वरील बेरजा ०.६ आणि ०.४ आहेत व आयगेनमूल्य त्यांच्या दरम्यान पडते. मात्र माल नगांत किंवा वजनात मोजल्यास ही बेरीज फसवी ठरते. धान्याचा भाव क्विंटलला २,५०० रुपये धरून शेतमाल क्विंटलमध्ये आणि औद्योगिक माल दहा हजार रुपयांच्या एककात मोजला, तर उद्योगाच्या एका एककामागे १.२ क्विंटल धान्य लागते आणि त्या स्तंभाची बेरीज १.३ होते. अर्थव्यवस्था तीच, आयगेनमूल्यही ०.५ च. एकके बदलली तरी आयगेनमूल्य बदलत नाही, म्हणून तीच खरी कसोटी.

मर्यादा : गुणक स्थिर असतात, एका मालाऐवजी दुसरा वापरता येत नाही आणि कारखान्यांच्या क्षमतेला मर्यादा नाही, अशी गृहीतके या प्रतिमानात आहेत. आयगेनमूल्य १ पेक्षा कमी असले तरी प्रत्यक्षात तेवढी जमीन, मजूर वा यंत्रे उपलब्ध आहेत, असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. इतर कोणत्याही क्षेत्राला ज्याचा माल लागत नाही, असे एखादे क्षेत्र स्वतःचाच माल उत्पादनापेक्षा जास्त खात असेल, तर केवळ त्याच्यामुळे संपूर्ण आव्यूहाचे आयगेनमूल्य १ च्या वर जाते. असे क्षेत्र वगळून उरलेल्या आव्यूहाचे आयगेनमूल्य पुन्हा काढल्यास दोष कुठे आहे, ते कळते.