अधिकारपत्र (शासकीय कार्यालयातील कामासाठी)

एखाद्या व्यक्तीने आपल्या वतीने शासकीय कार्यालयात जाऊन कागद देण्या-घेण्याचे किंवा प्रकरणाचा पाठपुरावा करण्याचे काम नातेवाइकावर सोपवण्यासाठी दिलेले, बहुधा साध्या कागदावरचे, सहीचे किंवा अंगठ्याचे पत्र. काही कार्यालयांत त्याला प्राधिकारपत्र म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत वनहक्क दावे, जातपडताळणी, शेतीच्या जुन्या नोंदींच्या नकला अशा कामांसाठी ते नेहमी लागते. भामरागडसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यात पूर्ण दिवस जातो आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. त्यामुळे म्हातारे अर्जदार घरी आणि त्यांची फाईल धरून फिरणारा भाचा किंवा नातू कार्यालयात, हे इथले नेहमीचे चित्र आहे. या नोंदीत वनहक्क दाव्याचे उदाहरण घेतले आहे.

कायदेशीर स्वरूप : अधिकारपत्र देणारा हा मालक आणि ते घेणारा हा त्याचा प्रतिनिधी, असे हे नाते भारतीय करार अधिनियम, 1872 मधील प्रतिनिधित्वाच्या प्रकरणात (कलम 182 ते 238) बसते. त्यातले तीन नियम इथे कामाचे आहेत. ज्याला काम सोपवले त्याने स्वतःच करावयाचे काम साधारणपणे दुसऱ्याकडे सोपवू नये (कलम 190). म्हणून भाच्याने ‘मी येऊ शकत नाही’ म्हणून मित्राला पाठवले, तर लिपिकाने त्याला परत पाठवणे योग्य आहे. प्रतिनिधीला कामाच्या ओघात मिळालेली सूचना मालकालाच मिळाली असे धरले जाते (कलम 229). आणि मालकाचा मृत्यू झाला की प्रतिनिधीचा अधिकार संपतो (कलम 201). दावेदार वारल्यावरही जुने पत्र दाखवून कागद उचलण्याची चूक होते. तेव्हा वारसांनी पुढे येऊन नव्याने अर्ज करायचा असतो. जमीन विकणे, दस्त नोंदवणे, कर्ज घेणे यांसारख्या व्यवहारांना अधिकारपत्र पुरत नाही, तिथे मुद्रांकित मुखत्यारपत्र लागते.

मजकूर : पत्र जितके मोघम, तितके ते निरुपयोगी किंवा धोक्याचे. ‘माझी सर्व कामे करण्याचा अधिकार देत आहे’ असे लिहिले, तर लिपिकाला नेमके काय द्यावे हे कळत नाही आणि नातेवाइकाला दावा मागे घेण्यापर्यंत मोकळीक मिळाल्यासारखे दिसते. उपयोगी पत्रात दावा क्रमांक, गाव, वनकक्ष क्रमांक, कार्यालयाचे नाव, दोघांची ओळख, कामांची यादी आणि मुदत असते. नमुना असा :

‘मी, खाली अंगठा करणार, राहणार …, तालुका भामरागड, माझा वनहक्क दावा क्रमांक …, वनकक्ष क्रमांक …, कार्यालय …, याबाबत माझा भाचा …, राहणार …, याला पुढील तीन कामांपुरता अधिकार देत आहे : (1) दाव्याची सद्यःस्थिती विचारणे, (2) त्रुटींची पूर्तता करणारी कागदपत्रे देऊन पोच घेणे, (3) दाव्याच्या प्रकरणातील कागदांच्या प्रती घेणे. दावा मागे घेण्याचा, क्षेत्र बदलण्याचा किंवा माझ्या वतीने जबाब देण्याचा अधिकार त्याला नाही. हे पत्र दिनांक … पर्यंत लागू राहील.’

नावाचा फरक हे फाईल अडण्याचे सर्वांत मोठे कारण असते. दाव्यात एक आडनाव, आधारवर त्याचेच दुसरे लेखन आणि पत्रात तिसरे असे झाले की टेबलावरचा लिपिक थांबतो. म्हणून पत्रात दाव्यातल्याप्रमाणेच नाव लिहून पुढे ‘आधारवरील नोंद : …’ असे जोडावे. वनहक्काचे अधिकारपट्टे पती-पत्नींच्या संयुक्त नावाने दिले जातात (वनहक्क अधिनियम, 2006, कलम 4(4)). त्यामुळे दोघे हयात असतील, तर पत्रावर दोघांचीही सही किंवा अंगठा असणे सोयीचे ठरते.

अंगठा आणि दस्तूर : लिहिता न येणाऱ्याने सहीऐवजी खूण केली तरी ती कायद्याने सहीच ठरते. प्रघात असा, की ठशाजवळ ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, असे लिहून देणाऱ्याचे नाव लिहायचे आणि मजकूर लिहिणाऱ्याने ‘दस्तूर’ म्हणून आपले नाव घालायचे. ज्याला अधिकार द्यायचा, त्यानेच दस्तूर केले तर पुढे वाद निघू शकतो. त्यामुळे लिहिणारा तिसरा माणूस असावा. माडिया बोलणाऱ्या दावेदाराच्या पत्राखाली ‘मजकूर माडिया भाषेत वाचून दाखवला, समजला’ अशी ओळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या, तर ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ ही तक्रार उद्भवत नाही.

कार्यालयात : पत्राची मूळ प्रत बारनिशीत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि तिची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी. नातेवाइकाने आपले मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. दिलेल्या कागदांची यादी आणि घेतलेल्या कागदांची पावती, दोन्हींवर तारीख घालणे महत्त्वाचे आहे.

मुदतीचा प्रश्न : अधिकारपत्राची खरी परीक्षा आदेश स्वीकारताना होते. 2012 च्या सुधारित वनहक्क नियमांनुसार दावा अमान्य होत असेल, तर तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो. त्याविरुद्ध वरच्या समितीकडे याचिका करायला 60 दिवस मिळतात आणि समिती आपल्या अधिकारात ती मुदत आणखी 30 दिवस वाढवू शकते.

समजा, एटापल्लीच्या उपविभागीय समितीने 10 जूनला दावा अमान्य केला. भाच्याने 5 जुलैला अधिकारपत्र दाखवून आदेश घेतला. पूर आणि रोवणीमुळे तो दावेदार आत्याकडे पोहोचला 20 ऑगस्टला. निर्णयाच्या तारखेपासून मोजले, तर 60 दिवस 9 ऑगस्टलाच संपले. आदेश घेतल्यापासून मोजले, तर ते 3 सप्टेंबरला संपतात. आत्या म्हणेल, मला कळलेच 20 ऑगस्टला. पण पत्रात ‘आदेश स्वीकारणे’ असे लिहिले असेल, तर भाच्याला कळले म्हणजे तिला कळले, असा युक्तिवाद समोर येतो. व्यक्तिशः कळवण्याची अट त्याच्या विरुद्ध मांडता येते, पण वादात पडण्यापेक्षा 3 सप्टेंबरच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे याचिका दाखल करावी. तिच्यात मुदतवाढ मागून 5 जुलैची पावती आणि घरी आदेश पोहोचल्याची तारीख, दोन्ही नमूद करावीत.

याच कारणाने वरच्या नमुन्यात आदेश स्वीकारण्याचे काम घातलेले नाही. नातेवाईक प्रत घेईल, पण निर्णयाची अधिकृत प्रत दावेदाराला समक्ष मिळावी, हीच त्यामागची सोय आहे. ज्या घरात माणूस रोज जाऊ-येऊ शकतो, तिथे हा अधिकारही देता येतो. मात्र मग ‘मिळाल्याच्या दिवशीच मला कळवावे’ अशी अट पत्रात लिहावी.

मर्यादा : सामूहिक वनहक्काच्या दाव्यात अर्जदार कुटुंब नसून ग्रामसभा असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये असा हक्क मिळाला. अशा प्रकरणात सचिवाने किंवा कोणा गावकऱ्याने आपल्या सहीने भाऊबंदाला पत्र देऊन चालत नाही. प्रतिनिधीचे नाव आणि कामे नमूद करणारा ग्रामसभेचा ठराव लागतो. शपथपत्र, चौकशीतला जबाब, जातपडताळणीच्या दक्षता पथकासमोरची मुलाखत, ही कामेही अधिकारपत्राने दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. ज्याची माहिती आहे त्यानेच ती द्यायची असते. अधिकार काढून घ्यायचा असेल तर नातेवाइकाला सांगून भागत नाही. कार्यालयाला रद्द झाल्याचे कळेपर्यंत ते जुने पत्र खरे मानून वागू शकते (करार अधिनियम, कलम 208), म्हणून रद्दपत्र बारनिशीत देऊन त्याचीही पोच घ्यावी लागते.