जवळचे गोदाम आणि पूर्ण ऑर्डर : एका नियमाचा इतिहास

ऑनलाइन दुकानात ऑर्डर आली की ती कोणत्या गोदामाकडे पाठवायची, याचा सर्वांत सोपा नियम एका वाक्यात सांगता येतो : ज्या गोदामात ऑर्डरमधील सगळ्या वस्तू शिल्लक आहेत, अशा गोदामांपैकी ग्राहकाला सर्वांत जवळचे निवडावे. संगणकाचा विद्यार्थी हा नियम तासाभरात लिहून दाखवतो. मात्र या वाक्यातील ‘सगळ्या’ आणि ‘जवळचे’ हे दोन शब्द व्यवहारात फार क्वचित एकत्र नांदले. त्यांच्यातील ओढाताण कशी वाढत गेली, ते या टिपणात पाहू.

सुरुवात इंटरनेटच्या बरीच आधी होते. अमेरिकेतील सीअर्स, रोबक ही टपालाने माल विकणारी कंपनी. १९०६ मध्ये तिने शिकागोत एक प्रचंड इमारत उभारली. शेतकऱ्याच्या एका पत्रात कोट, कंदील, नांगराचा फाळ आणि औषधाची बाटली अशी मागणी असे आणि या वस्तू इमारतीच्या वेगवेगळ्या विभागांत ठेवलेल्या असत. ओटो डोअरिंग यांच्या देखरेखीखाली तिथे वेळापत्रकाची एक पद्धत बसवण्यात आली. प्रत्येक ऑर्डरला पंधरा मिनिटांची एक खिडकी नेमून दिलेली असे. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक विभागाने आपली वस्तू सरकते पट्टे व घसरणी यांच्यामार्फत ठरलेल्या कप्प्यात पोहोचवायची. वेळ संपली की कप्प्यात जे असेल ते बांधून रवाना होई. राहिलेली वस्तू नंतर स्वतंत्रपणे पाठवली जाई आणि तिचा जादा वाहतूक खर्च उशीर करणाऱ्या विभागाच्या नावावर पडे.

म्हणजे एक ऑर्डर दोन खोक्यांत गेली तर तोटा होतो, हे तेव्हाच नेमके कळले होते. तो तोटा कुणाच्या नावावर टाकायचा, हेही ठरले होते. सीअर्सचे सुख एवढेच की सगळा माल एका छपराखाली होता. पुढे डॅलस, सिएटल, फिलाडेल्फिया इथे शाखा निघाल्या तेव्हाही ग्राहकाने आपल्या प्रांतासाठी नेमलेल्या शाखेकडेच पत्र पाठवायचे असा रिवाज राहिला. कोणते गोदाम हा प्रश्न पत्त्यावरून आधीच सुटलेला असे.

तो प्रश्न प्रत्येक ऑर्डरला नव्याने विचारण्याची वेळ ॲमेझॉनवर आली. कंपनीचे पहिले गोदाम सिएटलला होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये दुसरे गोदाम डेलावेअर राज्यात सुरू झाले. अमेरिकेच्या पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक अशी मांडणी झाल्यावर नकाशावर रेघ मारून काम भागेल असे वाटावे. पण १९९९ मध्ये नेवाडा, कॅन्सस, केंटकी आणि जॉर्जिया या राज्यांत एकामागून एक गोदामे उघडली. त्याच सुमारास पुस्तकांच्या जोडीला खेळणी, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती सामान आले. प्रत्येक गोदामात प्रत्येक वस्तू ठेवणे आता शक्य नव्हते.

ही गोदामे जिथे उभी राहिली तिथेच का, याचे उत्तर फक्त अंतरात सापडत नाही. १९९२ च्या क्विल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही, ते राज्य त्याला विक्रीकर गोळा करायला लावू शकत नाही. गोदाम हे प्रत्यक्ष अस्तित्व. कॅलिफोर्नियात ग्राहक अफाट, पण तिथे गोदाम बांधले की त्या सर्वांकडून कर वसूल करणे भाग. म्हणून गोदाम शेजारच्या नेवाडातील फर्नली गावी बांधले गेले. कॅलिफोर्नियाशी कराबाबत तडजोड होऊन २०१२ पासून वसुली सुरू झाली, तेव्हाच त्या राज्यात कंपनीची गोदामे उभी राहू लागली. ‘जवळचे’ म्हणजे किती जवळचे, हे तोवर कायद्याने ठरवून ठेवले होते.

आता ‘सगळ्या’ या शब्दाकडे वळू. एकाही गोदामात पूर्ण ऑर्डर नसेल तर ती फोडावी लागते. खोके, पत्ता चिकटवणे, ट्रकमध्ये चढवणे, दारात जाऊन देणे हा खर्च बहुतांशी खोक्यामागे लागतो आणि अंतराबरोबर तो सावकाश वाढतो. म्हणून दूरचे एक खोके बहुधा जवळच्या दोन खोक्यांपेक्षा स्वस्त पडते. हे ध्यानात घेऊन सुरुवातीच्या प्रणाली ऑर्डर येताक्षणी त्या क्षणाचा सर्वांत स्वस्त पर्याय निवडत आणि तो साठा त्या ऑर्डरच्या नावे राखून ठेवत. संशोधनाच्या भाषेत याला अदूरदर्शी निर्णय म्हणतात. शब्द थोडा कठोर आहे, कारण ग्राहकाला पडद्यावर ‘माल शिल्लक आहे, अमुक दिवशी मिळेल’ असे वचन द्यायचे तर लगेच काहीतरी ठरवावे लागतेच.

पिंग जोसेफीन शू, रसेल ऑलगर आणि स्टीफन ग्रेव्ह्ज यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच क्षणावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे : वचन लगेच द्यावे लागते हे खरे, पण कोणत्या गोदामातून पाठवायचे हे लगेच पक्के करण्याची गरज नसते. ऑर्डर आल्यापासून कामगार फडताळातून वस्तू काढेपर्यंत काही तास, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. त्या वेळात थांबलेल्या सर्व ऑर्डरी एकत्र मांडून वाटप पुन्हा तपासावे.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. दोन गोदामे आहेत, भिवंडी आणि हैदराबाद. एका पुस्तकाची एकेक प्रत दोन्हीकडे आहे, पण प्रेशर कुकर फक्त भिवंडीत आहे. खर्चासाठी दर खोक्यामागे ४० रुपये आणि दर १०० किलोमीटरला ५ रुपये धरू. वजनाचा फरक सोडून देऊ आणि अंतरे ढोबळ घेऊ.

सकाळी दहाला पुण्याच्या ग्राहकाने पुस्तक मागवले. पुण्याला भिवंडी जवळ, सुमारे १६० किलोमीटर. नियमाने भिवंडीची प्रत त्याच्या नावे लागली, खर्च ४८ रुपये. वीस मिनिटांनी सोलापूरच्या ग्राहकाने तेच पुस्तक आणि कुकर मागवला. भिवंडीत आता पुस्तक नाही, हैदराबादेत कुकर नाही. ऑर्डर फुटली. पुस्तक हैदराबादहून ३०० किलोमीटर, ५५ रुपये. कुकर भिवंडीहून ४०० किलोमीटर, ६० रुपये. तीन खोकी, एकूण १६३ रुपये.

दुपारी बारापर्यंत एकाही वस्तूला कुणी हात लावलेला नाही. आता अदलाबदल करा. पुण्याचे पुस्तक हैदराबादहून पाठवा : ५६० किलोमीटर, ६८ रुपये. सोलापूरच्या दोन्ही वस्तू भिवंडीहून एका खोक्यात पाठवा : ६० रुपये. दोन खोकी, एकूण १२८ रुपये. नवा माल आला नाही, तरी ३५ रुपये वाचले. पुण्याच्या ग्राहकासाठी ‘जवळचे’ सोडले, तेव्हाच सोलापूरसाठी ‘सगळ्या’ साधले. एकेकटी ऑर्डर पाहणाऱ्या नियमाला हे कधीच दिसले नसते, कारण दहा वाजता पुण्याचा निर्णय अगदी बरोबर होता.

याला मर्यादा आहे आणि ती घड्याळाची आहे. पुण्याच्या ग्राहकाला ‘उद्या’ असे वचन दिले असेल तर हैदराबादचा रस्ता बंद. माल काढण्याचे काम जितक्या लवकर सुरू होते, तितकी फेरविचाराची खिडकी अरुंद होते. जलद पोचवणीची चुरस वाढली तसा हा उपाय आवळत गेला. म्हणून पुढच्या संशोधनाने दुसरी बाजू धरली. अकिमोविच आणि ग्रेव्ह्ज यांनी २०१५ च्या निबंधात पहिल्याच निर्णयात भविष्याची किंमत मोजण्याची रीत मांडली : भिवंडीतील शेवटची प्रत आत्ता दिली तर पुढे येणाऱ्या ग्राहकासाठी किती खर्च वाढेल, ते आजच्या खर्चात धरायचे. वाहतूक खर्चातील बचत त्यांना सुमारे १ टक्का दिसली. आकडा लहान वाटतो, पण तो एकही गोदाम न बांधता मिळालेला आहे.

उदाहरणात भिवंडी मुद्दाम घेतली. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती आणि भिवंडी त्या हद्दीबाहेर. त्यामुळे तिथे गोदामांचा पसारा आधीच वाढला होता. जून २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिले गोदामही भिवंडीलाच घेतले. आता सोलापूरकडे पाहा. त्याला हैदराबाद जवळ, पण मध्ये राज्याची सीमा. जुन्या पद्धतीत राज्यांतर्गत विक्रीवर त्या राज्याचा मूल्यवर्धित कर आणि सीमेपलीकडील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे. हा दुसरा करही माल जिथून निघाला त्या राज्याच्या तिजोरीत जाई. ज्या राज्यात ग्राहक राहतो त्याला काहीच मिळत नसे, म्हणून काही राज्यांनी ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेश कर बसवला. अशा वेळी नकाशावरील जवळचे गोदाम हिशेबात लांब पडे.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. जकात आणि प्रवेश कर त्यात विलीन झाले आणि कर ग्राहकाच्या राज्याकडे जाऊ लागला. सोलापूरला हैदराबाद खरोखर जवळ आले. पण एक गाठ उरली. परकीय भांडवल असलेल्या बाजारपेठ-कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल विकता येत नाही. माल निरनिराळ्या विक्रेत्यांचा असतो आणि ज्या राज्यात माल ठेवायचा तिथे विक्रेत्याला या कराखाली नोंदणी करावी लागते. फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या छोट्या विक्रेत्याचा कुकर हैदराबादच्या गोदामात ठेवताच येत नाही. आदेशप्रणाली कितीही हुशार असली, तरी सोलापूरचे दुसरे खोके भिवंडीहूनच येणार.

अमेरिकेत २०२३ मध्ये ॲमेझॉनने मार्ग ठरवण्यापेक्षा साठा हलवण्यावर भर दिला. देशाचे आठ विभाग पाडून प्रत्येक विभाग शक्यतो स्वयंपूर्ण केला. विभागातल्या विभागात पुऱ्या होणाऱ्या ऑर्डरींचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेल्याचे कंपनीने सांगितले. सीअर्सच्या प्रांतवार शाखांची इथे आठवण होतेच. फरक एवढा की सीअर्सच्या ग्राहकाने पत्र कुठे पाठवायचे ते ठरलेले होते. इथे उरलेल्या २४ टक्के ऑर्डरींसाठी दुसऱ्या विभागाचे दार उघडे ठेवले आहे, आणि आठवड्याला एखादाच नग खपणारी वस्तू आठही ठिकाणी ठेवणे परवडत नाही, तोवर ते उघडे ठेवावेच लागेल.