वेसाक
वेसाक : बौद्धांचा वैशाख पौर्णिमेचा उत्सव. थेरवादी परंपरेत बुद्धाचा जन्म, संबोधी व महापरिनिर्वाण या तिन्ही घटना याच तिथीस घडल्याचे मानतात. जपानमध्ये त्या वेगवेगळ्या दिवशी पाळतात. तेथे जन्मोत्सव ८ एप्रिल रोजी होतो. थेरवादी देशांतही तारखा नेहमी जुळत नाहीत. कारण चांद्रवर्षाचा सौरवर्षाशी मेळ घालणारा अधिक मास सर्वत्र सारखा नसतो. थायलंडमध्ये आठव्या महिन्याचीच पुनरावृत्ती करतात व अशा वर्षी उत्सव सहाव्याऐवजी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस होतो. २०२३ मध्ये भारतात श्रावण अधिक होता. वैशाख त्याआधीच येत असल्याने त्याची पौर्णिमा ढळली नाही. परिणामी भारतात व श्रीलंकेत हा उत्सव ५ मे रोजी, तर थायलंडमध्ये ३ जून रोजी झाला.