न दिसणारा सांधा कसा तपासावा?

समजा, नांदेडहून लातूरला जमिनीखालून सहा तारा टाकल्या आहेत. वाटेत एखादी तुटली असेल किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. जमीन न उकरता, केवळ दोन टोकांना बसून हे कसे ओळखायचे?

१९८०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांपुढे असाच प्रश्न आला. पूर्वी बोर्डावर टाचण्यांची चौकट दाबून प्रत्येक जोडणी तपासत. चिपचे पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर आले, तेव्हा टाचणी टेकवायला जागाच उरली नाही. म्हणून १९८५ साली युरोपातील काही कंपन्या एकत्र आल्या. पुढच्या वर्षी अमेरिकी कंपन्या सामील झाल्यावर या गटाला 'जेटॅग' नाव पडले. १९९० साली त्यांची पद्धत आयईईई ११४९.१ या क्रमांकाने प्रमाण ठरली.

तिला 'बाउंड्री स्कॅन' म्हणतात. चिपच्या आत प्रत्येक पायामागे एका आकड्याचे घर असते. ही घरे माळेसारखी ओवलेली असल्याने एकाच तारेतून आकडे आत सरकवता येतात. 'एक्सटेस्ट' हा हुकूम दिला, की ते पायांवर उमटतात, शेजारची चिप ते टिपते आणि माळेतून बाहेर पाठवते. म्हणजे टाचणीचे काम चिपच करते.

पण कोणते आकडे पाठवायचे? याचे उत्तर कॉट्झ यांनी १९७४ सालीच दिले होते: प्रत्येक तारेला द्विमान पद्धतीत वेगळा क्रमांक द्या. १९८२ साली गोएल व मॅकमहॉन यांनी त्यातून ००० आणि १११ वगळले, कारण तुटलेली तार सहसा नुसते १ दाखवते आणि जमिनीला चिकटलेली नुसते ०. आपल्या सहा तारांना १ ते ६ क्रमांक दिले, तर तीन फेऱ्या पुरतात.

आता डाख पसरून तिसरी (०११) व पाचवी (१०१) तार चिकटली असे समजू. ० व १ भिडले असता ० जिंकतो असे धरले, तर दोन्हींवर ००१ येईल. पण पहिल्या तारेचा क्रमांकही ००१ आहे! ती यात गुंतली आहे की नाही?

वॅग्नर यांनी १९८७ साली यावर तोड सुचवली: तेच क्रमांक उलटे करून पुन्हा पाठवा. तिसरीचे १०० व पाचवीचे ०१० मिळून ००० वाचले जाईल. पहिलीवर मात्र ११० सुखरूप पोचेल. म्हणजे ती निर्दोष. हजार तारांनाही अशा वीसच फेऱ्या लागतात.

मात्र ज्या तारेच्या एका टोकाला अशी घरे नसलेली चिप आहे, तिची तपासणी या रीतीने पुरी होत नाही. आणि जेमतेम टेकलेला कच्चा सांधा या संथ परीक्षेत उत्तीर्ण होतो, आणि पुढे बोर्ड तापल्यावर दगा देतो.