गीतरामायणाच्या छप्पन्न फाइली : डिजिटल संगीतसंग्रहाच्या मांडणीचे एक विवेचन

ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेले गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. गीते एकूण ५६. आज हा ठेवा बहुतेक घरांत एखाद्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात पडलेला असतो: काही फाइली सीडीवरून उतरवलेल्या, काही कॅसेटवरून, काही कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेल्या. संग्रहाची मांडणी कशी बिघडते आणि कशी सुधारते, हे पाहायला याहून चांगले उदाहरण नाही. इथे क्रमाला अर्थ आहे, गायक-गीतकार-संगीतकार यांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत जातात आणि एकाच कृतीची एकाहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत.

१. फोल्डर आणि टॅग यांची कामे

फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा. एक फाइल एका वेळी एकाच कप्प्यात राहते. ‘सुधीर फडके’ या कप्प्यात ठेवलेले गीत ‘माडगूळकर’ या कप्प्यात सापडत नाही. टॅग म्हणजे फाइलीच्या पोटात लिहिलेली माहिती: शीर्षक, गायक, अल्बम, संगीतकार, गीतकार, क्रमांक, साल. एकाच फाइलीत ही सगळी नावे एकत्र राहतात आणि त्यांपैकी कोणत्याही नावाने ती शोधता येते. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली तरी टॅग तिच्यासोबत जातात, फोल्डर मागे राहतो.

यातून पहिला नियम निघतो: खरी माहिती टॅगमध्ये लिहावी आणि फोल्डरची व फाइलीची नावे टॅगवरून तयार करावीत. लोक बहुधा उलट करतात. आधी दोन दिवस फोल्डरांची नावे बदलतात, मग मोबाइलवर ऐकायला बसतात आणि तिथे पुन्हा ‘Track 07’, ‘Unknown Artist’ असेच दिसते, कारण बहुतेक प्लेअर फोल्डर वाचत नाहीत, टॅग वाचतात.

२. उदाहरणाची स्थिती

समजा, ‘Geet Ramayan’ नावाच्या एका फोल्डरमध्ये ६३ फाइली आहेत. ३८ सीडीवरच्या, १९ कॅसेटवरच्या, आणि ६ मूळ आकाशवाणी मालिकेतल्या, वेगवेगळ्या गायकांच्या आवाजातल्या. गायकाच्या रकान्यात ‘Sudhir Phadke’, ‘Sudheer Phadke’, ‘Babuji’, ‘सुधीर फडके’ आणि ‘सुधीर फड़के’ अशी पाच नावे आहेत. शेवटची दोन नावे नीट पाहा. दुसऱ्यात ‘ड’खाली हिंदीतला नुक्ता आहे. छोट्या अक्षरांत तो डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाला ते वेगळे अक्षर आहे, म्हणून यादीत दोन ‘सुधीर फडके’ एकाखाली एक उभे राहतात. हिंदी कळफलकावरून किंवा हिंदी संकेतस्थळांवरून आलेल्या टॅगांत हा दोष नेहमी सापडतो.

गीतकाराचा रकाना मात्र ६३ च्या ६३ फाइलींत कोरा आहे.

काम सुरू करण्याआधी सगळ्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. टॅग बदलल्याने आवाज बदलत नाही, पण चुकून साठ फाइलींना एकच शीर्षक दिले, तर ते परत आणायला मूळ प्रतच उपयोगी पडते.

३. रकाने भरण्याचा क्रम

Mp3tag किंवा Kid3 यांसारख्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली एकदम उघडून समान रकाने एका झटक्यात भरता येतात. तरीही कोणता रकाना कशासाठी, हे आधी ठरवावे लागते.

सगळ्यांत निर्णायक रकाना ‘अल्बम आर्टिस्ट’चा, ALBUMARTIST. ARTIST म्हणजे त्या एका गीताचा गायक. ALBUMARTIST म्हणजे संपूर्ण अल्बम ज्याच्या नावावर आहे तो. बहुतेक प्लेअर अल्बमचे नाव आणि अल्बम आर्टिस्ट या जोडीवरून ‘हा एक अल्बम’ असे ठरवतात. आकाशवाणीच्या मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांचे आवाज होते. अल्बम आर्टिस्ट कोरा ठेवला, तर प्लेअर प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम करतो आणि एका मालिकेचे सहा तुकडे पडतात. त्या सहा फाइलींत ARTIST मध्ये त्या-त्या गायकाचे नाव आणि ALBUMARTIST मध्ये सगळीकडे ‘विविध कलाकार’ लिहिले की तुकडे जुळतात.

फडक्यांच्या स्वरातल्या संचाला दोन्ही रकान्यांत ‘सुधीर फडके’. नुसते ‘फडके’ चालणार नाही, कारण श्रीधर फडके हेही गीतरामायण गातात. दोन ध्वनिमुद्रणे पुढे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अल्बमच्या नावातही भेद ठेवावा: ‘गीतरामायण’ आणि ‘गीतरामायण (आकाशवाणी)’.

COMPOSER मध्ये सुधीर फडके आणि LYRICIST मध्ये ग. दि. माडगूळकर. Mp3tag च्या डाव्या पट्टीत LYRICIST सहसा दिसत नाही. Alt+T दाबून विस्तारित रकाने उघडावे लागतात. बहुधा याचमुळे तो कोरा राहतो.

क्रमांकाबाबत थोडा विचार हवा. सीडीवर प्रत्येक तबकडीचा क्रमांक १ पासून सुरू होतो, कॅसेटवर प्रत्येक बाजूचा. साधारण अल्बमसाठी तबकडी क्रमांक आणि गीत क्रमांक असे दोन्ही ठेवणे योग्य. गीतरामायणाचा क्रम मात्र कथेचा आहे, माध्यमाचा नाही. म्हणून इथे तबकडी क्रमांक काढून टाकावा आणि छापील पुस्तकातल्या क्रमानुसार १ ते ५६ असे आकडे द्यावेत. फाइल कुठून आली ते शेऱ्याच्या रकान्यात लिहावे: ‘कॅसेट ४, बाजू ब’.

सालाच्या रकान्यात अंदाज लिहू नये. सीडीवरून आपोआप उतरलेले साल बहुधा सीडी निघाल्याचे असते, ध्वनिमुद्रणाचे नसते. माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना पुढे भरता येतो. चुकीचे साल मात्र कुणी तपासत नाही.

४. देवनागरी टॅगचे विकार

देवनागरीत लिहिलेले टॅग काही वेळा `à¤¸à¥` अशा चिन्हांत दिसतात. घाबरण्याचे कारण नाही. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांनी लिहिले जाते. ते तीन बाइट कुणीतरी तीन रोमन अक्षरे म्हणून वाचले, एवढेच झाले आहे. ठरावीक अंतराने `à¤` किंवा `à¥` दिसत असेल, तर मजकूर अजून शाबूत आहे आणि परत मिळवता येतो. त्याजागी `?????` दिसले, तर मात्र मूळ अक्षरे कायमची गेलेली असतात आणि ती पुन्हाच लिहावी लागतात. दुरुस्ती करायची की नव्याने लिहायचे, हे या एका खुणेवरून ठरते.

एमपी३ फाइलीत टॅगच्या दोन पिढ्या नांदतात. जुना ID3v1 फाइलीच्या शेवटी असतो आणि शीर्षकाला फक्त ३० बाइट देतो. यूटीएफ-८ मध्ये त्यात दहाच देवनागरी चिन्हे मावतील. म्हणून तो काढून टाकलेला बरा. नवा ID3v2 फाइलीच्या सुरुवातीला असतो. त्याची २.३ ही आवृत्ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली, तर जुन्या उपकरणांवरही वाचली जाण्याची शक्यता सर्वाधिक. कॅसेटवरून नव्याने उतरवत असाल, तर फ्लॅक हे स्वरूप निवडावे. त्याचे टॅग नेहमी यूटीएफ-८ मध्येच असतात. वॅव फाइलीतले टॅग अनेक प्लेअर वाचतच नाहीत.

५. फाइलींची नावे

टॅग देवनागरीत ठेवावेत. फोल्डर आणि फाइलींची नावे मात्र रोमन ठेवणे सोयीचे, कारण गाड्यांतल्या काही प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दोन्ही साधण्याचा मार्ग टॅगमध्येच आहे. वर्णक्रमासाठी राखलेले रकाने असतात: ALBUMARTISTSORT, ALBUMSORT, TITLESORT. त्यांत रोमन रूप लिहावे, आडनाव आधी: `Phadke, Sudhir`. मग Mp3tag मध्ये टॅगवरून फाइलनाव करण्याच्या आज्ञेला हा साचा द्यावा:

```
D:\Sangeet\%albumartistsort%\%albumsort%\$num(%track%,2) %titlesort%
```

यातला `$num(%track%,2)` हा भाग क्रमांक दोन अंकी करतो. तो नसेल तर अनेक प्लेअर १, १०, ११, १२ आणि मग कितीतरी नंतर २ असा क्रम लावतात आणि कथेत रामजन्माआधी वनवास येतो. विंडोजवर फाइलनावात `: ? " / *` ही चिन्हे चालत नाहीत. ती शीर्षकाच्या टॅगमध्ये राहू द्यावीत, TITLESORT मध्ये मात्र घेऊ नयेत.

६. मुखपृष्ठ

चित्र प्रत्येक फाइलीत बसवले, तर ते ५६ वेळा साठवले जाते. स्कॅनरवरून आलेले ३ एमबीचे चित्र तसेच बसवले, तर केवळ चित्रांनी १६८ एमबी जागा जाते. तेच १५० केबीचे असेल तर साडेआठ एमबीही लागत नाही. सुमारे ६०० × ६०० पिक्सेलचे साधे जेपीईजी पुरते. प्रोग्रेसिव्ह प्रकारचे जेपीईजी काही गाड्यांतल्या प्लेअरना उमटवता येत नाही, म्हणून सेव्ह करताना तो पर्याय बंद ठेवावा. कॅसेटचे कव्हर उभट असते. ते ताणून चौकोनी करू नये, पुढच्या पानाचा चौरस भाग कापून घ्यावा. श्रेयनामावलीसह पूर्ण स्कॅन त्याच फोल्डरमध्ये वेगळी फाइल म्हणून राहू द्यावा.

७. पडताळा आणि मर्यादा

MusicBrainz Picard हा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गीत ओळखू शकतो. पण MusicBrainz च्या कोशात कुणी नोंद केली असेल तरच. मराठी ध्वनिमुद्रणांच्या नोंदी सगळ्या सापडत नाहीत. कॅसेट थोडी जलद किंवा संथ फिरली असेल, तर ठसाही जुळत नाही. म्हणून शेवटचा पडताळा कानांनीच करायचा: प्रत्येक फाइलीची पहिली काही सेकंदे पुस्तकातल्या गीताशी ताडून पाहायची.

आपल्या उदाहरणात आकाशवाणीच्या ६ फाइली वेगळ्या काढल्यावर ५७ उरल्या. क्रमांक दिल्यावर तीन गीते दोनदा आलेली दिसली. त्यांतल्या खराब प्रती काढल्या आणि ५४ राहिल्या. यादी क्रमाने लावली तेव्हा २२ नंतर २४ आणि ४० नंतर ४२ आले. ६३ फाइलींच्या ढिगाऱ्यात ‘सगळे गीतरामायण आहे’ असे वाटत होते, पण दोन गीते त्यात कधीच नव्हती. आता कोणती दोन मिळवायची ते नेमके कळले.

ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांना एकच विनंती. फोल्डरांची नावे नंतर ठरवा. आधी कव्हरवरची श्रेयनामावली वाचता येते आहे तोवर गीतकाराचा रकाना भरा. गायकाचे नाव आवाजावरून पुढेही ओळखता येईल. शब्द कुणाचे, हे ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही.