सिग्मा-डेल्टा रूपांतरण

ॲनालॉग विद्युत्दाबाचे अंकांत रूपांतर करण्याची पद्धत. तीत एकेक मोजणी मुद्दाम ढोबळ, बहुधा एकाच बिटची असते. पण मोजण्या अतिशय वेगाने घेऊन त्यांच्या सरासरीतून सूक्ष्म मूल्य काढले जाते. टोकियो विद्यापीठातील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये ही रचना मांडली.

कार्य : संदर्भदाब १ व्होल्ट आणि मोजायचा दाब ०.३ व्होल्ट आहे असे समजू. इंटिग्रेटर दर ठोक्याला ०.३ ची भर घालतो. बेरीज १ पर्यंत पोचली की कंपॅरेटर १ देतो आणि बेरजेतून १ वजा होतो. एरवी तो ० देतो. बेरीज ०.३, ०.६, ०.९, १.२ अशी वाढते. चौथ्या ठोक्याला १ वजा होऊन ०.२ उरतात आणि मोजणी तेथून पुढे चालते. दहा ठोक्यांत ०००१००१००१ ही माळ मिळते. तीत तीन १ आहेत, म्हणजे सरासरी ०.३.

ओव्हरसॅम्पलिंग : ढोबळ मोजणीतील चूक गोंगाटासारखी वागते. गरजेपेक्षा पुष्कळ जास्त नमुने घेतल्यास हा गोंगाट रुंद वारंवारता-पट्ट्यात पसरतो व उपयुक्त पट्ट्यात त्याचा थोडाच वाटा येतो. मात्र एवढ्यावर नमुन्यांचा वेग दुप्पट करूनही अर्धाच बिट वाढतो.

नॉइज शेपिंग : वरील उदाहरणात उरलेले ०.२ टाकून न देता पुढच्या बेरजेत घेतले गेले. त्यामुळे एका ठोक्याची चूक पुढच्या ठोक्यात उलट चिन्हाने फिटते. एकूण गोंगाट घटत नाही, उलट वाढतो; पण तो उच्च वारंवारतांकडे ढकलला जातो आणि तेथे डिजिटल गाळणी त्याला कापते. आदर्श स्थितीत वेग दुप्पट केल्यावर एका इंटिग्रेटरच्या रचनेत दीड बिट, तर दोन इंटिग्रेटरच्या रचनेत अडीच बिट वाढतात. एक-बिट रचनेत परत दिल्या जाणाऱ्या दाबाच्या दोनच पातळ्या असल्याने अनेक रोधक काटेकोर जुळवावे लागत नाहीत.

मर्यादा : अचूकतेची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण एका उत्तरासाठी असंख्य ठोके खर्ची पडतात. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांतील एचएक्स७११ ही २४-बिट चिप सेकंदाला १० किंवा ८० वाचनेच देते. १० च्या वेगावर भार बदलल्यानंतर वाचन स्थिरावायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात. तोवरची वाचने जुन्या आणि नव्या भाराची सरमिसळ असतात. स्थिर आणि अगदी लहान दाबाला माळेतील नक्षी संथपणे पुनरावृत्त होते. दाब संदर्भाच्या सहस्रांश असेल, तर हजार ठोक्यांत एकदाच १ येतो. ठोके सेकंदाला दहा लाख असल्यास १ किलोहर्ट्‌झचा खोटा स्वर उमटतो व ध्वनियंत्रणेत तो ऐकू येतो. दोनपेक्षा अधिक इंटिग्रेटर जोडल्यास मोठ्या दाबाला वलय अस्थिर होऊ शकते.