१७. ‘चव्वेचाळीस हजार तासांचे साधक’

१७. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन व सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासाचा हा निर्देश होय. एका बिंदूवर चित्त स्थिर करताना, सरासरी १९,००० तास ध्यान केलेल्या साधकांच्या मेंदूतील अवधान-जालात नवशिक्यांपेक्षा अधिक क्रियाशीलता आढळली, तर सरासरी ४४,००० तास केलेल्यांत ती कमी भरली. दीर्घ सरावाने अवधान अनायास होते, हा प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष मोहक आहे खरा. परंतु हे एकाच साधकाचे दोन टप्पे नसून भिन्न माणसे होत, आणि ज्याचे चित्त मुळातच स्थिर तोच इतकी वर्षे आसनावर टिकला असेल, ही शक्यता एकवारच्या मापनाने खारीज होत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात आणि सरावापूर्वी व नंतर त्याच व्यक्तींचे मापन करावे लागते. काही महिन्यांच्या सरावापुरते हे साधते, जन्मभराच्या साधनेपुरते नाही. — संपा.